सगळ्या प्रकल्पांना एकच 12 टक्के? कंपनीचा सरासरी दर कुठे चुकवतो

नव्या प्रकल्पाची फाईल समोर आली की बहुतेक जण आधी गुंतवणुकीचा आकडा बघतात, मग नफ्याचा. माझी नजर आधी एक्सेलच्या तक्त्यात वरच्या कोपऱ्यात असलेल्या एका खान्याकडे जाते. तिथे एकच टक्केवारी लिहिलेली असते. पुढच्या दहा-वीस वर्षांच्या सगळ्या आकड्यांना त्याच टक्केवारीने कात्री लागते आणि प्रकल्प पास की नापास हे ठरतं. सूत किती रुपयांनी येईल, डॉलर कुठे जाईल यावर बैठकीत तासभर वाद होतो. या खान्यावर मात्र कोणी बोलत नाही, कारण ती टक्केवारी मागच्या फाईलमधून जशीच्या तशी उतरवलेली असते.

कंपनीचा धंदा एकच असेल तर हे बहुधा चालून जातं. पण सोलापुरात आज टॉवेलच्या जोडीला सोलर, तयार कपडे, शेतमालावरची प्रक्रिया असे दोन-तीन वेगळे धंदे चालवणारी घराणी आहेत. त्यांच्या बाबतीत हा एक आकडा चांगला प्रकल्प नाकारायला लावतो आणि वाईट प्रकल्प मंजूर करायला लावतो. तेही बेरीज-वजाबाकीत एकही चूक नसताना. हे कसं होतं ते एका उदाहरणावरून बघू. कंपनी कल्पित आहे आणि आकडे डोक्यात बसतील असे सोपे घेतले आहेत, पण पद्धत खरी आहे.

12 टक्के आले कुठून?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक कंपनी आहे असं समजा. तिची आजची बाजारातली किंमत धरली तर सगळा पसारा 200 कोटींचा. त्यातले 120 कोटी मालकांचं भांडवल, 80 कोटी कर्ज. म्हणजे 60 टक्के आणि 40 टक्के. इथे ताळेबंदातली जुनी किंमत घ्यायची नाही. वीस वर्षांपूर्वी घेतलेली जागा ताळेबंदात अजून त्याच भावाने बसलेली असते.

बँकेचं व्याज 10 टक्के. व्याज हा खर्च असल्यामुळे त्यावर कर वाचतो. कर साधारण 25 टक्के धरला, तर कर्ज प्रत्यक्षात साडेसात टक्क्यांना पडतं.

मालकाच्या भांडवलाला व्याज नसतं, म्हणून अनेकांना ते फुकट वाटतं. ते फुकट नाही. तेच पैसे दुसरीकडे, तितक्याच जोखमीच्या ठिकाणी लावले असते तर जे मिळालं असतं ती त्यांची किंमत. ती काढण्याची रूढ रीत अशी: सरकारी रोख्यावर जवळजवळ बिनधोक 7 टक्के मिळतात असं धरू. शेअर बाजाराची जोखीम घेणाऱ्याला त्यावर सरासरी आणखी 8 टक्के हवे असतात असं धरू. मग आपला धंदा बाजाराच्या मानाने किती हलतो ते बघायचं. या हलण्याच्या मापाला बीटा म्हणतात. बीटा 1 म्हणजे बाजाराइतकाच हलणारा, अर्धा म्हणजे त्याच्या निम्म्याने हलणारा. आपल्या कंपनीचा बीटा 1 धरला, तर मालकाच्या भांडवलाची किंमत 7 अधिक 8, म्हणजे 15 टक्के.

आता सरासरी: 15 चे 60 टक्के म्हणजे 9, साडेसातचे 40 टक्के म्हणजे 3. बेरीज 12. हाच तो खान्यातला आकडा. गणित बरोबर आहे. प्रश्न एवढाच की ही सरासरी नेमकी कशाची?

सरासरीच्या पोटात तीन धंदे

या कंपनीचे तीन विभाग आहेत. 60 टक्के किंमत टेरी टॉवेलच्या कारखान्याची, 20 टक्के सोलर प्लांटची आणि उरलेली 20 टक्के तयार कपड्यांच्या ब्रँडची.

टॉवेलची मागणी परदेशातल्या घरांवर आणि हॉटेलांवर अवलंबून. मंदी आली की ऑर्डर कमी होतात, तेजीत लूम रात्रंदिवस चालतात. जोखीम मध्यम.

सोलर प्लांट आपली वीज 20 वर्षांच्या करारावर, ठरलेल्या दराने विकतो. सोलापूरच्या उन्हाची अडचण नाही. शेअर बाजार वर जावो की खाली, युनिटचा दर करारात लिहिलेला आहे. जोखीम आहेच (ग्राहक पैसे थकवेल, पॅनेल अपेक्षेपेक्षा लवकर मंदावतील), पण अर्थव्यवस्थेच्या चढउताराशी तिचा संबंध थोडा.

कपड्यांचा ब्रँड तिसऱ्याच जातीचा. लोकांच्या हातात पैसा असला की नवा शर्ट घेतला जातो, नसला की जुन्यावर भागतं. त्यात जाहिरात, दुकानांची भाडी, न खपलेला माल हे खर्च विक्री घटली म्हणून घटत नाहीत. त्यामुळे विक्री दहा टक्क्यांनी घसरली तर नफा त्याच्या कितीतरी पट घसरतो. इथे बीटा जास्त.

म्हणजे 12 टक्के हा दर तिन्ही धंद्यांच्या जोखमींची मिसळ आहे. तो जसाच्या तसा लागू पडला तर टॉवेलला पडतो, कारण टॉवेल नेमका मध्ये आहे. बाकी दोघांना तो लागू पडत नाही. पुढे आपण विभागांचे दर काढणार आहोत. ते सोलरसाठी 9, टॉवेलसाठी 12 आणि ब्रँडसाठी 15 असे निघतात. त्यांची वजनानुसार सरासरी काढली तर पुन्हा 12 च येते.

दोन फाईली

या वर्षी कंपनीकडे 20 कोटी आहेत आणि दोन प्रस्ताव.

पहिला प्रस्ताव सोलरचा. 20 कोटी गुंतवायचे, कर वगैरे जाऊन दरवर्षी 2 कोटी 40 लाख हातात येतील, 20 वर्षं. दुसरा ब्रँडचा: 20 कोटी दुकानं, जाहिरात आणि मालसाठ्यात घालायचे, दरवर्षी 4 कोटी 20 लाख हातात येतील, 8 वर्षं.

दोन्हींना 12 टक्के लावू, म्हणजे पैसे जितक्या वर्षांनी येणार तितक्या वेळा त्यांना 1.12 ने भागू. सोलरच्या 20 वर्षांच्या पैशांची आजची किंमत होते 17 कोटी 93 लाख. घालायचे 20 कोटी, म्हणजे 2 कोटी 7 लाखांचा तोटा. फाईल नापास. ब्रँडच्या पैशांची आजची किंमत 20 कोटी 86 लाख, म्हणजे 86 लाखांचा फायदा. फाईल पास. परताव्याच्या टक्केवारीने बघितलं तरी निकाल तोच: सोलरचा परतावा 10.3 टक्के, 12 च्या खाली, ब्रँडचा 13.2 टक्के, 12 च्या वर.

आता प्रत्येकाला त्याच्या जोखमीचा दर लावू. सोलरला 9 टक्के लावले तर त्याच पैशांची आजची किंमत होते 21 कोटी 91 लाख. 1 कोटी 91 लाखांचा फायदा. ब्रँडला 15 टक्के लावले तर 18 कोटी 85 लाख. 1 कोटी 15 लाखांचा तोटा.

निकाल पूर्ण उलटा झाला. एकाही रुपयाचा अंदाज आपण बदललेला नाही. बदलला तो फक्त कोपऱ्यातला आकडा. एकच दर वापरणाऱ्या कंपनीने 1 कोटी 91 लाखांची किंमत हातची घालवली आणि वर 1 कोटी 15 लाखांची किंमत खड्ड्यात घातली. 20 कोटींच्या एका निर्णयात मिळून 3 कोटींच्या वर फरक. ताळेबंदात हा तोटा कधीच दिसत नाही. नाकारलेल्या प्रकल्पाची नोंद कुठेच नसते आणि ब्रँड 13 टक्के कमावत असल्यामुळे सगळे खूष असतात.

लांब पल्ल्याच्या प्रकल्पाला ही चूक जास्त भोवते, हेही इथे लक्षात घ्यावं. 20 वर्षांनी येणाऱ्या 1 कोटीची आजची किंमत 9 टक्क्यांनी 17 लाख 80 हजारांच्या आसपास येते, 12 टक्क्यांनी जेमतेम 10 लाख 40 हजार. दरातला तीन टक्क्यांचा फरक दरवर्षी स्वतःवर साठत जातो. म्हणून सावकाश पण खात्रीने पैसे देणारे प्रकल्प अशा कंपन्यांत आधी मरतात.

“अहो, पैसा तर एकाच खिशातून जातो ना?”

अशा बैठकीत घरातले वडीलधारे अण्णा हमखास एक प्रश्न विचारतात, आणि तो प्रश्न रास्त असतो. “कर्ज कंपनीच्या नावावर, बँक सगळ्यांना तेच दहा टक्के लावते. मग या विभागाला नऊ आणि त्या विभागाला पंधरा, हे कोणी ठरवलं?”

अण्णांना एवढंच विचारावं की आपल्या गल्लीतली पतसंस्था सोनं तारण ठेवणाऱ्याला आणि विनातारण कर्ज मागणाऱ्याला एकाच दराने पैसे देते का? ठेवीदारांना ती देते ते व्याज एकच. तरी कर्जाचा दर वेगळा, कारण दर पैसा कुठून आला यावर ठरत नाही, तो कुठे जातोय यावर ठरतो. पतसंस्थेने ठेवींचा सरासरी खर्च काढून सगळ्यांना एकच दर लावला तर सोनेवाले चांगले कर्जदार दुसरीकडे जातील आणि विनातारणवाले रांग लावतील. कंपनीच्या भांडवलाचंही तसंच होतं.

राहिलं बँकेचं दहा टक्के. बँक ब्रँडला दहा टक्क्यांनी देत नाही. ती कंपनीला देते. तारण आहे टॉवेल कारखान्याची जागा, लूम आणि अण्णांची स्वतःची हमी. ब्रँडवाला विभाग उद्या वेगळी कंपनी काढून त्याच बँकेत गेला तर त्याला दहा टक्क्यांनी आणि तेवढं कर्ज मिळणार नाही. त्याला स्वस्त कर्ज मिळतंय ते टॉवेलच्या जिवावर. टॉवेल विभाग इथे गुपचूप ब्रँडची हमी भरतो आणि त्याची किंमत कोणाच्याच फाईलमध्ये लिहिलेली नसते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे अनुदानाचं कर्ज. 1999 मध्ये केंद्र सरकारने वस्त्रोद्योगासाठी टफ योजना आणली तेव्हापासून व्याज-सवलतीची भाषा आपल्याकडे घराघरांत पोहोचली. “कर्ज पाच टक्क्यांना पडतंय, म्हणजे सात टक्के मिळाले तरी बस” हा हिशेब मी अनेकदा ऐकतो. तो चुकतो. नव्या लूमची जोखीम अनुदानामुळे कमी होत नाही. प्रकल्पाला त्याच्या जोखमीचाच दर लावायचा आणि व्याजात जे वाचतं ते वेगळ्या ओळीत, प्रकल्पाला मिळालेला रोख लाभ म्हणून मांडायचं. मग समजतं की प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा आहे की अनुदानाच्या कुबडीवर.

विभागाचा दर काढायचा कसा?

सोलापुरातल्या बहुतेक कंपन्या शेअर बाजारात नाहीत, आणि ज्या आहेत त्यांच्याही एकट्या विभागाचा शेअर वेगळा विकला जात नाही. मग सोलर विभागाचा बीटा आणायचा कुठून? उत्तर असं की त्याच एका धंद्यात असलेल्या, बाजारात नोंदलेल्या कंपन्या शोधायच्या आणि त्यांच्याकडून तो उसना घ्यायचा.

इथे पहिली अडचण येते ती निवडीची. टॉवेलसाठी वेलस्पन लिव्हिंग किंवा ट्रायडंट ही नावं लगेच सुचतात, पण ट्रायडंट कागदही बनवते, सूतही. म्हणजे तिचा बीटा हीसुद्धा मिसळच. म्हणून एका कंपनीवर विसंबायचं नाही. पाच-सात कंपन्या घ्यायच्या, दोन ते पाच वर्षांच्या आठवड्यांच्या भावांवरून प्रत्येकीचा बीटा काढायचा आणि मधला आकडा धरायचा. ज्या शेअरमध्ये दिवसाला मोजकेच सौदे होतात तो वगळलेला बरा. त्याचा भाव उशिरा हलतो आणि बीटा खोटाच कमी दिसतो.

दुसरी पायरी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच विसरली जाते. शेअरच्या बीटात दोन जोखमी एकत्र असतात: धंद्याची आणि कर्जाची. कर्ज जास्त असलेल्या कंपनीचा शेअर जास्त हलतो, कारण व्याज आधी जातं आणि उरेल ते भागधारकाचं. म्हणून आधी कर्जाचा परिणाम काढून टाकायचा. 1972 मध्ये रॉबर्ट हमाडा यांनी मांडलेलं सूत्र यासाठी वापरतात: कर्ज भागिले भांडवल हे गुणोत्तर घ्यायचं, त्याला एक वजा कराच्या दराने गुणायचं, त्यात एक मिळवायचा आणि आलेल्या आकड्याने शेअरच्या बीटाला भागायचं. उरतो तो निव्वळ धंद्याचा बीटा.

आपल्या कल्पित कंपनीत हा धंद्याचा बीटा टॉवेलसाठी 0.67, सोलरसाठी 0.33 आणि ब्रँडसाठी 1 निघाला असं धरलं आहे. आता त्यात प्रत्येक विभागाला झेपेल एवढं कर्ज पुन्हा घालायचं. सोलरला ठरलेलं उत्पन्न आहे, म्हणून बँक त्याच्या किमतीच्या 70 टक्के कर्ज देईल, तेही 9 टक्क्यांनी. ब्रँडला मुश्किलीने 10 टक्के मिळेल आणि दर 12 लागेल.

सोलरचं गणित पूर्ण करून बघू. कर्ज 70, भांडवल 30, गुणोत्तर 2.33. कराचा हिशेब धरून ते 1.75 होतं, त्यात एक मिळवला की 2.75. धंद्याचा बीटा 0.33, म्हणजे एक तृतीयांश होता, तो 2.75 पट झाला की 0.917. भांडवलाची किंमत 7 अधिक 8 गुणिले 0.917, म्हणजे 14.3 टक्के. कर वजा जाता कर्ज पडतं 6.75 टक्क्यांना. 14.3 चे 30 टक्के म्हणजे 4.3 आणि 6.75 चे 70 टक्के म्हणजे 4.7. बेरीज 9.

यातला एक आकडा जरा थांबून बघण्यासारखा आहे. सोलरमध्ये मालकाच्या भांडवलाची किंमत 14.3 टक्के आली. टॉवेलमध्ये ती 15 होती आणि ब्रँडमध्ये याच रीतीने 15.7 येते. तिन्ही जवळजवळ सारख्याच. सोलरवर कर्ज जास्त असल्यामुळे मालकाच्या वाट्याची जोखीम वाढते आणि ती टॉवेलच्या जवळ जाऊन बसते. तरीही विभागाचा एकूण दर 9, कारण धंद्याची मूळ जोखीम थोडी आहे आणि ती थोडी आहे म्हणूनच एवढं कर्ज झेपतं. जे लोक फक्त “मालकाला किती टक्के हवेत” एवढंच विचारून विभागांचे दर ठरवतात, त्यांना हा फरक दिसतच नाही.

या सूत्राची मर्यादाही आहे. ते कर्ज जवळजवळ बिनधोक मानतं. 70 टक्के कर्ज असलेल्या धंद्यात ते खरं नसतं, त्यामुळे भांडवलाची किंमत थोडी जास्त दिसते. बीटाचा अंदाजही मुळात ढोबळ. म्हणून 9.03 किंवा 14.97 असे दर फाईलमध्ये लिहिण्यात अर्थ नाही. 9, 12 आणि 15 असे तीन पट्टे पुरतात. मात्र प्रस्ताव येण्याआधी ते ठरलेले असावेत आणि ते वित्त विभागाने ठरवावेत. प्रस्ताव मांडणाऱ्यालाच दर निवडू दिला तर प्रत्येक प्रकल्प कमी जोखमीचा निघतो.

चुकीच्या दराने कंपनीच बदलत जाते

एका फाईलची चूक तिथेच थांबली असती तर निभावलं असतं. पण एकच दर वर्षानुवर्षं चालला की कंपनीत ब्रँडसारखे प्रकल्प येत राहतात आणि सोलरसारखे परत जातात. काही वर्षांनी आपल्या कंपनीत टॉवेल 50 टक्के, सोलर 10 आणि ब्रँड 40 अशी विभागणी झाली असं धरा. आता सरासरी काढली तर ती 12 नाही, 12.9 येते. वित्त विभाग प्रामाणिकपणे खान्यातला आकडा 13 करतो. लगेच साडेबारा टक्के कमावणारा टॉवेलचा चांगला प्रस्तावही नापास व्हायला लागतो. ज्या धंद्याने घर उभं केलं तोच आता “कमी परताव्याचा” ठरतो, आणि त्याने काहीही चूक केलेली नसते.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. 2001 मध्ये ग्रॅहम आणि हार्वे या अभ्यासकांनी 392 वित्तप्रमुखांचं सर्वेक्षण प्रसिद्ध केलं. परदेशातल्या, म्हणजे उघडच वेगळ्या जोखमीच्या प्रकल्पालाही कंपनीचाच दर लावू, असं निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं होतं. पुढे 2015 मध्ये क्रूगर, लँडिए आणि टेसमार यांनी अमेरिकेतल्या अनेक धंदे असलेल्या कंपन्यांचे आकडे तपासले. मुख्य धंद्यापेक्षा ज्या विभागाची जोखीम जास्त, त्यात अशा कंपन्या जास्त गुंतवणूक करताना दिसल्या. एकच दर वापरला तर जे व्हायला हवं, नेमकं तेच.

तुमच्या कंपनीत हे होतंय का, हे ओळखायला फार मोठा अभ्यास लागत नाही. गेल्या पाच-सात वर्षांतले मंजूर आणि नामंजूर प्रस्ताव दोन ढिगांत मांडा. मंजूर ढीग एकाच धडाडीच्या विभागाचा आणि नामंजूर ढीग एकाच शांत विभागाचा असेल, तर आधी दराकडे बघा. मंजूर प्रकल्प एकामागून एक अंदाजापेक्षा कमी कमावत असतील तर तो वेगळा रोग आहे, अंदाज फुगवण्याचा. त्याचा इलाज दर वाढवून करू नये.

दरात काय घालायचं नाही

कारण पट्टे केले की लगेच दुसरी सवय लागते: कुठलीही भीती वाटली की दरात दोन टक्के घाला. ग्राहक पैसे थकवेल, दोन टक्के. पाऊस हुकला तर पाण्याचा टँकर लागेल, दोन टक्के. अमेरिकेने 2025 च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेलं, तेव्हा टॉवेलच्या फाईलींवर असाच दर चढवण्याचा मोह अनेकांना झाला असेल.

ही भीती खरी आहे, पण तिची जागा रकमेच्या ओळीत आहे. शुल्क राहिलं तर वर्षाला किती मिळेल, उतरलं तर किती, आणि दोन्हींची शक्यता किती हे लिहून त्यावरून सरासरी रक्कम काढा आणि तिला टॉवेलचा 12 चा दर लावा. दरात घातलेले दोन टक्के पहिल्या वर्षी थोडं कापतात आणि पंधराव्या वर्षी प्रचंड. शुल्काचा धक्का तर बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांतच जास्त असतो. भीती एका जागी आणि कात्री दुसऱ्याच जागी, असं होतं. शिवाय तीच भीती रकमेतही धरली आणि दरातही धरली तर चांगला प्रकल्प दोनदा मार खातो.

एक प्रामाणिक अडचण मात्र आपल्याकडच्या घरगुती कंपन्यांची आहे, आणि पाठ्यपुस्तकातला हिशेब तिथे तोकडा पडतो. बीटा फक्त बाजाराबरोबर हलणारी जोखीम मोजतो, कारण भागधारकाने आपले पैसे पन्नास ठिकाणी वाटलेत असं तो गृहीत धरतो. अण्णांचे पैसे पन्नास ठिकाणी नाहीत. सगळे या एकाच कंपनीत आहेत. ब्रँड बुडाला तर घरही हलेल. अशा मालकासाठी 9, 12, 15 हे किमान दर समजावेत. त्यावर अंदाजाने टक्के चढवण्यापेक्षा मला दुसरा उपाय जास्त पटतो: दर बाजाराचाच ठेवायचा, पण एका धोक्याच्या धंद्यात घराण्याच्या एकूण पैशापैकी किती घालायचे याची मर्यादा रुपयांत लिहून ठेवायची. म्हणजे किंमत किती हा प्रश्न आणि झोप लागेल का हा प्रश्न एकमेकांत मिसळत नाहीत.

त्याच पॅनेलला दुसरा दर

पट्टे विभागाच्या नावावर ठरवले की शेवटची एक चूक राहते. आपली कंपनी तेच सोलर पॅनेल टॉवेल कारखान्याच्या छपरावर, स्वतःच्याच वापरासाठी बसवायचं म्हणते असं समजा. फाईल सोलर विभागाने बनवली, तेव्हा त्यात 9 टक्के लिहिले. पण आता वीज करारावर कोणाला विकायची नाही. फायदा आहे तो वाचलेल्या वीजबिलाचा, आणि बिल किती वाचेल ते लूम किती चालतील यावर. मंदीत दोन शिफ्टची एक झाली तर दुपारची वीज वापरायलाच कोणी नाही. जास्तीची वीज ग्रीडमध्ये गेली तरी तिचा मोबदला त्या वेळच्या नियमांवर. म्हणजे या छपरावरच्या पैशांची जोखीम टॉवेलच्या जोखमीला बांधलेली आहे.

तेव्हा इथे 9 टक्के कमी पडतात. पूर्ण 12 लावावेत का, हे कारखान्याच्या बिलावर ठरेल. प्लांट लहान असेल आणि एका शिफ्टलाही सगळी वीज खपत असेल तर बचत जवळजवळ पक्की, दर 9 च्या बाजूला. प्लांट तिन्ही शिफ्ट धरून मोठा बांधला असेल तर दर 12 च्या बाजूला. हे ठरवायला मागच्या तीन-चार वर्षांची वीजबिलं काढावीत आणि सगळ्यात वाईट महिन्यात दिवसा किती युनिट वापरले गेले ते बघावं. तेवढ्या युनिटांपर्यंतच्या प्लांटला 9, त्यावरच्या भागाला 12 असा हिशेब एकाच फाईलमध्ये दोन तक्त्यांत मांडता येतो. बऱ्याचदा त्यातून असं निघतं की प्रस्तावातला प्लांट पाऊण आकाराचा केला तर तो दोन्ही दरांना उतरतो.